मायसेनचे पोर्सेलिन नेमके कोणाचे? एका श्रेयवादाची पार्श्वभूमी

पांढरे, कठीण आणि उजेड आरपार जाऊ देणारे चिनी मातीचे भांडे, म्हणजे पोर्सेलिन, युरोपात पहिल्यांदा जर्मनीतल्या सॅक्सनीत जमले आणि तिथल्या मायसेन गावी त्याचा कारखाना निघाला. हा शोध ब्यॉटगर या कैदेतल्या तरुणाचा की चिर्नहाउस या गणितीचा, असा वाद आहे. तो समजायला थोडे मागे जावे लागते. फेब्रुवारी १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळच्या समुद्रात मकावहून मलाक्याकडे निघालेले एक मोठे पोर्तुगीज जहाज पकडले. जहाजात रेशीम होते आणि चिनी पोर्सेलिनचे सुमारे लाखभर नग होते. पुढच्या वर्षी हा माल आम्स्टरडॅमला लिलावात निघाला, तेव्हा बोली लावणाऱ्यांत फ्रान्स आणि इंग्लंडच्या राजांची माणसेही होती. चिनी भांडी युरोपात त्याआधी शंभर वर्षे येतच होती. मकाव, मलाक्का, गोवा, लिस्बन ही पोर्तुगीजांची ठरलेली वाट होती. जुन्या गोव्यात उत्खननात निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांच्या खापऱ्या निघतात, त्यांच्यामागे हाच व्यापार आहे. पण तोवर पोर्सेलिन ही सरदार-दरबाऱ्यांच्या कपाटातली वस्तू होती. लिलावानंतर व्यापाऱ्यांच्या लक्षात आले की याला गिऱ्हाईक बेसुमार आहे.

डच ईस्ट इंडिया कंपनीने मग हा धंदा पद्धतशीर उभा केला. युरोपीय जेवणाच्या टेबलावर लागणारे पेले, मिठाच्या वाट्या, रुंद काठाच्या ताटल्या चिनी कुंभारांच्या ओळखीच्या नव्हत्या, म्हणून १६३०च्या दशकात लाकडी नमुने बनवून पाठवले गेले. जिंगदेजन या चीनमधल्या पोर्सेलिनच्या गावातल्या कारागिरांनी ते जसेच्या तसे उतरवले. मालवाहतुकीच्या दृष्टीनेही पोर्सेलिन सोयीचे होते. ते जड असते आणि पाण्याने बिघडत नाही, त्यामुळे त्याच्या पेट्या जहाजाच्या तळाशी रचायच्या आणि वर चहा ठेवायचा. परतीच्या प्रवासात जहाजाला तळाशी वजन लागतेच. ते वजनही विकले जाणार असेल तर व्यापाऱ्याला आणखी काय हवे?

१६४४ मध्ये मिंग घराणे कोसळले आणि पुढची तीन-चार दशके चीनमधून माल मिळणे बेभरवशाचे झाले. कंपनी जपानकडे वळली. क्यूशू बेटावरच्या आरिता गावाजवळ पोर्सेलिनचा दगड १६१६च्या सुमारास सापडला होता आणि तिथल्या भट्ट्या कोरियातून आणलेल्या कुंभारांनी सुरू केल्या होत्या. १६५९ मध्ये डचांनी तिथे हजारोंच्या संख्येने भांड्यांची मागणी नोंदवली. दुधाळ पांढऱ्या पृष्ठभागावर लाल, निळ्या, हिरव्या रंगांची मोजकी नक्षी असलेली आरिताची शैली युरोपात चिनी मालाहून महाग विकली जाऊ लागली. १६८०च्या दशकात चीनची बंदरे पुन्हा उघडली तोवर युरोपातल्या राजेलोकांना दोन्हींचे व्यसन लागलेले होते.

एवढा पैसा पूर्वेकडे जात असताना घरीच हे बनवायचे प्रयत्न झाले नसते तरच नवल. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या कुंभारांनी साध्या मातीच्या भांड्यावर कथिलाची पांढरी झिलई चढवून निळी नक्षी काढली. लांबून ते चिनी दिसते, पण काठाचा टवका उडाला की आतली भुरकट माती उघडी पडते. फ्लॉरेन्सच्या ड्यूककडे १५७५च्या सुमारास बनलेली भांडी याच्या पुढे गेली होती. तिथे पांढऱ्या मातीत काचेची भुकटी मिसळली होती. फ्रान्समध्येही सतराव्या शतकाच्या अखेरीस हाच मार्ग धरला गेला. तर्क सरळ होता. भांड्यातून उजेड आरपार जातो, म्हणजे त्यात काच असणार.

तर्क अर्धा बरोबर होता. पोर्सेलिनमध्ये काच असते, पण ती वरून घातलेली नसते, भट्टीत तयार होते. जिंगदेजनमध्ये दोन गोष्टी मिसळतात. एक म्हणजे केओलिन, ही सहजी न वितळणारी पांढरी माती. दुसरा अभ्रक आणि फेल्स्पार ही खनिजे असलेला कुटलेला दगड. साधारण १३०० अंश सेल्सियसला दगड वितळून काचेसारखा होतो आणि केओलिन भांड्याचा आकार धरून ठेवते. तयार काच घातलेले मिश्रण मात्र बरेच कमी उष्णतेला मऊ पडते. भट्टी जरा जास्त तापली की भांडे बसते, कमी तापली की ते सच्छिद्र राहते. या दोन टोकांमधले अंतर इतके थोडे असे की एकेका भट्टीतली बरीच भांडी फेकून द्यावी लागत.

इथे सॅक्सनीचा प्रवेश होतो आणि वादाचाही.

सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे तिथला शासक, ऑगस्टस हा पोलंडचा राजाही होता. त्याला पोर्सेलिनचे वेड होते, हे तो स्वतःच कबूल करी. १७१७ मध्ये त्याने आपल्या सैन्यातले ६०० घोडदळी शिपाई प्रशियाच्या राजाला दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. याच ऑगस्टसच्या ताब्यात १७०१ पासून ब्यॉटगर नावाचा एक तरुण होता. बर्लिनमध्ये औषधविक्याकडे उमेदवारी करताना त्याने सोने बनवता येत असल्याची बढाई मारली होती. प्रशियाच्या राजाने धरपकड सुरू केल्यावर तो पळाला आणि सॅक्सनीत येऊन ऑगस्टसच्या कैदेत पडला. सोने अर्थातच झाले नाही.

दुसरा माणूस चिर्नहाउस, वयाने आणि मानाने खूप मोठा. हा गणिती, पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सदस्य, सॅक्सनीत काच कारखाने उभारणारा. त्याने मोठाली भिंगे आणि आरसे बनवून सूर्यकिरण एकवटले आणि निरनिराळी द्रव्ये त्या उष्णतेत धरून पाहिली. एकेकटी न वितळणारी दोन द्रव्ये एकत्र केली की वितळतात, हे त्याने टिपून ठेवले होते. पोर्सेलिनच्या दृष्टीने कळीची कल्पना हीच आहे. तिच्यात काचेची भुकटी लागत नाही.

ऑगस्टसने या दोघांना एकत्र आणले. फ्रायबर्गच्या खाणींतले धातू गाळणारे कामगार मदतीला दिले, कारण तितकी उष्णता देणारी भट्टी कशी बांधायची हे त्यांनाच ठाऊक होते. पहिले यश लाल मातीत आले. चीनच्या यीशिंगच्या चहादाण्यांसारखी ही भांडी इतकी कठीण होती की त्यांना रत्नासारखे घासून चमक आणता येई. पण ती पोर्सेलिन नव्हती. आपल्या लोणच्याच्या बरणीसारखी ती घट्ट आणि पाणी न झिरपणारी होती, पण उजेड आरपार जात नव्हता.

पांढऱ्याचा पुरावा म्हणून १५ जानेवारी १७०८चे प्रयोगशाळेतले टिपण दाखवले जाते. हस्ताक्षर कैदेतल्या तरुणाचे. त्यात सात मिश्रणे आहेत. पहिल्यात नुसती माती. पुढच्या सहांत माती आणि अलाबास्टर हा चुन्याच्या जातीचा मऊ दगड, प्रमाण ४ ला १ पासून एकेकाने वाढत ९ ला १ पर्यंत. पाच तास भाजल्यावर नुसती माती पांढरी राहिली, पण पारदर्शक झाली नाही. ४ ला १ आणि ५ ला १ कोसळली. ६ ला १ ने आकार धरला, पण रंग बिघडला. शेवटच्या तिघांपुढे लॅटिनमध्ये ‘पांढरे आणि पारदर्शक’ असा शेरा आहे. चुना जास्त झाला की सगळेच वितळते आणि कमी केला की केओलिन आकार सांभाळते, हे या यादीत पायरीपायरीने दिसते. चिनी दगडाच्या जागी चुना आला, बाकी तत्त्व तेच.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गणिती वारला. मार्च १७०९ मध्ये तरुणाने राजाला लेखी कळवले की आपल्याला उत्तम झिलईसह पांढरे पोर्सेलिन बनवता येते. त्यात वारलेल्या माणसाला जागा नव्हती. १७१० मध्ये मायसेनच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला आणि तरुण त्याचा प्रमुख झाला.

अधिकृत इतिहासाने दीर्घकाळ त्यालाच शोधकर्ता मानले, आणि त्या बाजूने म्हणण्यासारखे आहेही. टिपण त्याचे, दिवसरात्र भट्टीपुढे तो, झिलई बसवली त्याने, आणि एका प्रयोगातून नियमित उत्पादन काढणे हे वेगळे आणि अवघड काम आहे. पण दुसऱ्या बाजूचे साक्षीदार बाहेरचे नाहीत. कारखान्याचा पहिला निरीक्षक आधी त्या गणितीच्या घरी शिक्षक होता. १७१९ मध्ये कारखान्याच्याच सचिवाने लिहून ठेवले की शोध वारलेल्या गणितीचा असून त्याची लेखी माहिती या निरीक्षकामार्फत तरुणाकडे गेली. त्याच साली फुटून व्हिएन्नाला गेलेल्या भट्टीच्या कारागिरानेही असेच सांगितले. सूर्यभिंगांचे प्रयोग तर तरुण सॅक्सनीत येण्याआधीपासून चालू होते. सातही मिश्रणे ज्या कल्पनेवर उभी आहेत ती गणितीची, हे नाकारायला फारसा आधार उरत नाही. नुसते ‘सोने करायला गेला आणि पोर्सेलिन करून आला’ हे वाक्य मात्र सांगायला सोपे, म्हणून तेच टिकले.

तरुणाला यशाचा उपभोग फारसा मिळाला नाही. कैद बरीच उशिरा सुटली आणि मार्च १७१९ मध्ये ३७व्या वर्षी तो गेला. गुपितही त्याच सुमारास फुटले. व्हिएन्नाला गेलेल्या कारागिराने तिथल्या नव्या कारखान्याला कृती दिली, आणि वर्षभराने तो परत मायसेनला आला तो एक निष्णात रंगकाम करणारा सोबत घेऊन. यानंतर मायसेनची भांडी खऱ्या अर्थाने देखणी झाली.

आरिताच्या नकला तर इतक्या चांगल्या झाल्या की १७२९-३१ मध्ये पॅरिसच्या एका व्यापाऱ्याने सॅक्सनीच्या एका मंत्र्याला हाताशी धरून मायसेनची भांडी अस्सल जपानी म्हणून विकायचा घाट घातला. कारखान्याची खूण दोन तलवारींची. झिलईखाली निळ्या रंगात काढलेली खूण काढता येत नाही. या मालावर ती झिलईवर काढली होती, म्हणजे घासली की जाते. प्रकरण उघडकीला आल्यावर मंत्र्याचे पद गेले. आजही अशा एखाद्या ताटलीचा तळ तिरप्या उजेडात धरला तर घासल्याची जागा दिसू शकते.

दरम्यान जिंगदेजनमध्ये राहणाऱ्या एका फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७१२ आणि १७२२ मध्ये पाठवलेल्या पत्रांतून केओलिन आणि दगड या जोडीची माहिती युरोपात पोचली. त्यातला एक चिनी व्यापारी हसून सांगतो, परदेशी लोक नुसता दगड घेऊन गेले, हाडांशिवाय मांस उभे करू पाहत होते. मायसेननेही पुढे चुना सोडून फेल्स्पार घेतला, म्हणजे चिनी कृतीच्याच जवळ आले. १७६८ मध्ये फ्रान्समध्ये लिमोजजवळ केओलिन सापडले, त्याच वर्षी कॉर्नवॉलच्या मातीवर इंग्लंडमध्ये पेटंट निघाले. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ मध्ये चिनी पोर्सेलिनची घाऊक खरेदी थांबवली. त्यानंतर इंग्लंडला येणारा माल बव्हंशी जहाजांच्या कप्तानांच्या खासगी व्यापारातला होता.