मिक्स्ड केबिन तिकीट

मिक्स्ड केबिन तिकीट म्हणजे एकाच पीएनआरवरचं असं विमान तिकीट ज्यात सगळे टप्पे एकाच क्लासचे नसतात. बहुतेक वेळा लांबचा टप्पा बिझनेस आणि त्याला जोडणारा तासाभराचा टप्पा इकॉनॉमी. कोकणातून परदेशी जाणाऱ्याला हे हमखास भेटतं, कारण गोव्यातल्या मोपा किंवा दाभोळी विमानतळाहून मुंबईला जाणाऱ्या कित्येक विमानांत बिझनेसच्या सीटाच नसतात.

आता सगळ्यांचा समज असा की तासभर इकॉनॉमीत बसलो म्हणजे तेवढे पैसे कमी झाले. तसं होईलच असं नाही. विमानाचं भाडं टप्प्याटप्प्याने मोजतातच असं नसून बऱ्याचदा जिथून निघालो तिथपासून जिथे पोचायचं तिथपर्यंत थेट लावलेलं असतं, म्हणजे आपल्या रेल्वेसारखंच, कुडाळ ते दिल्ली एकच तिकीट आणि कुडाळ-पनवेल, पनवेल-दिल्ली अशी दोन तिकिटं यांची बेरीज जुळत नाही तसं.

मोपा-मुंबई-लंडन घेऊ, एका बाजूचं, टॅक्स सोडून. आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून घेतलेत. मोपा-लंडन थेट बिझनेस १,८५,००० आणि थेट इकॉनॉमी ४४,०००. नुसतं मुंबई-लंडन बिझनेस १,६०,०००, इकॉनॉमी ४०,०००. मोपा-मुंबई इकॉनॉमी ६,०००.

पहिली पद्धत, थेट बिझनेस भाडं. त्याच्या नियमांतच लिहिलेलं असतं की छोट्या विमानात बिझनेस नसेल तर तो टप्पा इकॉनॉमीच्या अमुक बुकिंग क्लासात, म्हणजे त्याच केबिनमधल्या अमुक भावाच्या गटात, बुक करा. द्यायचे पूर्ण १,८५,०००. इकॉनॉमीत बसल्याबद्दल सूट शून्य. दुसरी पद्धत म्हणजे फरक लावणं: पूर्ण प्रवासाचं इकॉनॉमी भाडं धरायचं आणि लांबच्या टप्प्यावर वरच्या क्लासचा फरक त्यात घालायचा, इथे १,६०,००० वजा ४०,००० म्हणजे १,२०,०००; ४४,००० अधिक १,२०,०००, झाले १,६४,०००. तिसरी पद्धत भाडं मुंबईला तोडण्याची, ६,००० अधिक १,६०,०००, एकूण १,६६,०००. नियमात बसतील त्या पद्धतींतली सगळ्यात स्वस्त बुकिंग सिस्टिम सहसा स्वतःच उचलते, पण स्वस्त भाड्यांना दुसऱ्या भाड्याशी जोडायची किंवा फरक लावायची परवानगी नसेल तर पहिलीवरच अडकतो माणूस.

गणपतीत मजा होते. विसर्जनानंतर चाकरमानी परत निघाले की मोपा-मुंबईचे स्वस्त बुकिंग क्लास संपतात आणि तेच ६,००० चे १५,००० होतात. तिसरी पद्धत लगेच १,७५,००० वर. दुसरीचा आकडा मात्र जागचा हलत नाही, पण कधी, तर थेट इकॉनॉमी भाड्याला लागणारा बुकिंग क्लास दोन्ही टप्प्यांवर एकत्र मिळत असेल तर. बऱ्याच कंपन्या सुट्या मोपा-मुंबईला जो क्लास बंद दाखवतात तो लंडनच्या प्रवाशाला उघडा ठेवतात, म्हणून टप्पे सुटे सुटे शोधून क्लास नाहीच असं ठरवू नये, पूर्ण प्रवास एकत्र शोधावा.

आपल्याला कुठली पद्धत लागली हे ई-तिकिटाच्या भाडे-हिशोबाच्या ओळीत दिसतं (एजंटकडे मागितली की मिळते). त्यात `X/BOM` म्हणजे मुंबईला फक्त विमान बदलणं. BOM नंतर लगेच रक्कम असेल तर भाडं तिथे तोडलंय. रक्कम थेट LON नंतरच असेल तर भाडं सलग आहे, आणि त्यापुढे `D` अक्षर, `BOMLON` अशी जोडी आणि आणखी एक रक्कम दिसली तर तो फरक. ओळ मिळाली नाही तर दोन्ही टप्प्यांसमोरचा फेअर बेसिस, म्हणजे भाड्याचा कोड, बघा. वेगवेगळे असतील तर बहुधा भाडं तोडलेलं असतं.

येताना ब्रिटनचा प्रवासी कर मध्ये येतो. कमी दर फक्त तेव्हाच लागतो जेव्हा तिकिटावरचा प्रत्येक टप्पा सगळ्यात खालच्या क्लासचा असतो. लंडन-मुंबई बिझनेस असेल तर मुंबई-मोपा इकॉनॉमी असून उपयोग नाही, कर दुपटीहून जास्तच.

फसगत होते ती उलट तिकिटात. साइटवर बिझनेस निवडलं तरी यादीत अशी तिकिटं येतात ज्यात तासाभराचा टप्पा बिझनेस आणि रात्रीचे नऊ-दहा तास इकॉनॉमी, आणि मिक्स्ड केबिन हे शब्द बारीक अक्षरात. भाडं संशयास्पद स्वस्त वाटलं की प्रत्येक टप्प्याचा क्लास उघडून बघायचा. बुकिंगच्या वेळीच तो टप्पा इकॉनॉमी होता तर नंतर भरपाई मिळत नाही. क्लास खाली उतरवल्यावर परतावा देण्याचा डीजीसीएचा २०२३ चा नियम आहे, ३५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय टप्प्याला ७५ टक्के, पण तो बिझनेस विकत घेऊन इकॉनॉमीत बसवलेल्यांसाठी.