झिरो कूपन बाँडची किंमत खरंच शेवटच्या दिवशी उडी मारते का?

"झिरो कूपन बाँडला व्याज नसतं, मुदत संपेपर्यंत पैसे नुसते पडून राहतात, फायदा काय तो शेवटच्या दिवशी एकदम."

असं वाटणं साहजिक आहे, कारण मधे हातात एक पैसाही येत नाही. पण व्याज दरवर्षी धरलं जातं, फक्त ते बाहेर न येता किमतीतच मुरतं.

समजा दर्शनी किंमत, म्हणजे मुदत संपल्यावर मिळणारी रक्कम, 1000, मुदत 5 वर्षं आणि यील्ड, म्हणजे दरवर्षीचा परतावा, 8 टक्के. 1000 ला 1.08 ने पाच वेळा भागा, 680.58 येतात, तेवढ्यालाच तो आज मिळतो. आता वर्षभर थांबा. 680.58 चे 8 टक्के म्हणजे 54.45, ते मिळवून झाले 735.03, आणि पुढच्या वर्षी 8 टक्के या वाढलेल्या आकड्यावर बसतात म्हणून 58.80 मिळतात. असं करत शेवटच्या वर्षी 74.07 पडतात आणि बरोब्बर 1000 होतात. कॅल्क्युलेटरवर करून बघाच, दोन मिनिटांचं काम आहे. म्हणजे उडी नाही, आणि वाढ दरवर्षी सारखीही नाही, थोडी थोडी चढत जाते.

हां, बाजारभाव या रेषेवरून हलतो. दोन वर्षांनी हिशोबाने 793.83 हवेत, पण तेव्हा बाजारात यील्ड 10 टक्के झालं तर 1000 ला 1.10 ने तीन वेळा भागावं लागतं आणि भाव 751.31 च दिसेल. तेव्हा विकलंत तर कमी मिळणार, पण धरून ठेवलंत आणि बाँड काढून पैसे परत देणारा बुडाला नाही तर उरलेल्या तीन वर्षांत तोच भाव जास्त वेगाने चढून 1000 लाच पोचतो.