गोबरगॅसचा घुमट गॅस कसा धरून ठेवतो

घरगुती गोबरगॅस बांधताना बहुतेकांचं लक्ष खड्ड्याच्या तळाकडे असतं. शेणकाला जमिनीत झिरपून जाईल, अशी धास्ती असते. प्रत्यक्षात जिथे काला भिंतीला टेकलेला असतो, तिथली बारीक छिद्रं त्यातले तंतू आणि गाळच काही दिवसांत बुजवून टाकतात. वरच्या घुमटात मात्र काला पोचत नाही, तिथे फक्त गॅस असतो. तिथलं छिद्र कोणी बुजवणार नाही, ते गिलाव्यानेच बुजवावं लागतं.

रोज २ घनमीटर गॅस देणारा दीनबंधू पद्धतीचा संयंत्र घेऊ. रोज साधारण ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी, म्हणजे चार-पाच जनावरांच्या घराला पुरेल असा. आतली त्रिज्या सव्वा मीटरच्या आसपास येते. अंदाजे हजार विटा आणि चौदा ते सोळा गोण्या सिमेंट लागतं. एवढ्या बांधकामात साठलेल्या गॅसला टेकणारा भाग जेमतेम साडेतीन-चार चौरस मीटर असतो. संयंत्र चांगला निघाला की वाया गेला, हे तेवढ्याच जागेवर ठरतं.

घुमटाला साचा लागत नाही. तळाच्या मध्यावर खुंटी ठोकून तिला त्रिज्येइतकी दोरी किंवा काठी बांधतात आणि प्रत्येक विटेची आतली कड तिच्या टोकाला जुळवतात. वर जाताना वीट आत कलते आणि घसरू पाहते, म्हणून तिला वजन लटकवलेल्या आकड्याने धरून ठेवावं लागतं. थर पूर्ण गोल झाला की विटा एकमेकींना दाबून धरतात आणि आकडा काढता येतो. विटा आधी भिजवायलाच हव्यात. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला पुरेसं पाणी उरत नाही आणि सांधा भुसभुशीत राहतो. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज यावा, बद्द आवाजाची वीट बाजूला ठेवावी. वाळू बाटलीत पाणी घालून हलवून ठेवली की वर मातीचा थर बसतो. तो जाड दिसला तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये.

वीटकाम दाब सहज सोसतं, पण ताण सोसत नाही. गॅसचा दाब पाण्याच्या ९० सेंटिमीटर उंचीइतका झाला की घुमटाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ९०० किलोचा भार आतून बाहेर ढकलतो. त्याला उत्तर देतं ते बाहेरच्या मातीचं वजन. घुमटावर किमान दोन फूट माती हवी. बाजूची भरतीही थर-थर ओली करून चोपलेली हवी, नाहीतर भिंत बाहेर सरकून तडा जातो.

आतला गिलावा एकाच जाड थरात करू नये. जाड थर वाळताना आकसतो आणि केसासारख्या तडा पडतात. आधी भिंतीवर सिमेंटचं पाणी ब्रशने मारायचं, मग एकास अडीच प्रमाणाचा पातळ गिलावा, पुन्हा सिमेंटचं पाणी, पुन्हा गिलावा, असे सात हात होतात. वरच्या हातांत वॉटरप्रूफिंग पावडर मिसळतात. थर थोडा आवळला की लगेच पुढचा हात, आणि सगळं काम शक्यतो एका दिवसात. आज अर्धा घुमट आणि उद्या अर्धा केला, तर जोडाच्या रेघेतूनच गॅस निघतो. गॅसच्या पाइपाभोवतीची जागा तर दोनदा दाबून भरावी, माझ्या मते सर्वांत जास्त गळती तिथेच सापडते. त्यानंतर आठवडाभर पाणी मारत राहायचं.

शेण भरण्याआधी चाचणी करावी. गॅसचा कॉक उघडा ठेवून खड्डा पाण्याने भरा. विटा पाणी पितात, म्हणून पहिल्या दिवशी पातळी थोडी उतरेल. पाणी पुन्हा भरून खूण करा. दुसऱ्या दिवशीही ती ठळकपणे उतरली तर पाणी गळतंय. पाण्याची परीक्षा पास झाली की कॉक बंद करून, काला जिथून बाहेर पडतो त्या निकासकुंडीत आणखी पाणी ओता. घुमटातली हवा कोंडली जाते आणि दाब मोजणाऱ्या पारदर्शक नळीच्या मॅनोमीटरवर तो दाब दिसतो. तो रात्रभर टिकला पाहिजे. समजा संध्याकाळी ८० सेंटिमीटर होता आणि सकाळी ७७ राहिला, तर हवा गार झाल्याने तेवढा फरक पडू शकतो. पण तो ५० वर आला आणि निकासकुंडीतलं पाणीही उतरलं असेल, तर हवा घुमटातून किंवा पाइपाच्या जोडातून निसटतेय. पाइपाच्या जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे न दिसल्यास दोष घुमटात समजा.

चांगला गिलावाही कायम टिकत नाही. काल्याच्या पातळीजवळ हायड्रोजन सल्फाइडपासून आम्ल तयार होतं आणि ते सिमेंट खातं. म्हणून गॅसच्या भागावर इपॉक्सीसारखा रंग देतात. पुढे कधी आतून दुरुस्ती करायची वेळ आली, तर काला पूर्ण काढून, झाकण उघडं ठेवून दिवस-दोन दिवस हवा खेळू द्यावी. तरीही आत ऑक्सिजन कमी आणि विषारी वायू शिल्लक असू शकतो, म्हणून हवा तपासल्याशिवाय कोणीही आत उतरू नये आणि दिवा किंवा काडी जवळ नेऊ नये.