"तू तेव्हा कुठे होतास?"

काका गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी डिचोलीला त्यांच्या घरी गेलो. पडवीवर पाच-सहा माणसे बसली होती. मी चपला काढतोय तोच ताई, म्हणजे माझी चुलतबहीण, दारातून कडाडली, "आता कशाला आलास? त्या रात्री तीनदा फोन केला तुला. उचलला असतास तर बाबा आज असते."

मी करू नये तेच केले. खुलासा द्यायला लागलो. फोन सायलेंटवर होता, मी म्हापशाला झोपलो होतो, लगेच निघालो असतो तरी अर्धा तास लागला असता आणि त्याच्या आत १०८ दारात आलीच होती. सगळे खरे होते. पण माझ्या प्रत्येक वाक्यागणिक ताईचा आवाज चढत गेला आणि शेवटी ती म्हणाली, "म्हणजे चूक माझीच ना?"

तिला तसे कोणीच म्हटले नव्हते. पण चार रात्री ती स्वतःला तेच विचारत होती. छातीत दुखते म्हणून काका संध्याकाळीच बोलले होते आणि तिने त्यांना पित्ताची गोळी दिली होती. दोष माझ्यावर होता तोवर तो तिच्यावर नव्हता. मी एकेक मुद्दा खोडत गेलो तसा मी तो तिच्याकडे परत ढकलत गेलो.

अशा संतापाची पहिली नीट वैद्यकीय नोंद केली ती एरिक लिंडमन या मनोविकारतज्ज्ञांनी. बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी लागलेल्या आगीत ४९२ माणसे गेली. त्यात जवळचे माणूस गमावलेले लोक आणि इतर शोकग्रस्त, अशा १०१ जणांबद्दल लिंडमननी १९४४ मध्ये लिहिले. शोकाच्या नेहमीच्या लक्षणांतच त्यांनी चिडचिड आणि वैरभाव धरला आहे. सांत्वनाला आलेल्या माणसांबद्दलची मायाच आटते, डॉक्टरांवर हलगर्जीचा आरोप होतो. आणि हा राग कुठून येतो ते त्या माणसालाही कळत नाही. आपल्याला वेड तर लागत नाही ना, अशी त्याला भीती वाटते.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसतज्ज्ञांनी त्याचे कारण सुचवले. जत्रेत हरवलेले मूल सापडल्यावर आईवर चिडते, तिला गुद्दे मारते. पुन्हा सोडून जाऊ नकोस, असे ते सांगत असते आणि तिथे त्या रागाचा उपयोगही होतो. मृत्यूनंतर हीच यंत्रणा चालू राहते, फक्त परत येणारे कोणी नसते. मग समोर येईल त्याच्यावर तो राग निघतो.

"ही रागाची पायरी आहे, जाईल" असे पडवीवरचे एक गृहस्थ माझ्या कानात पुटपुटले. शोकाच्या पाच पायऱ्यांची ती कल्पना एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये मांडली ती मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचा राग असा ओळीने येत नाही. तो सुतकात येतो आणि वर्षश्राद्धालाही येतो.

दोन दिवसांनी मी परत गेलो. ताईने तेच पुन्हा काढले, "तीनदा फोन केला रे." या वेळी मी खाली बसलो, थोडा थांबलो आणि एवढेच म्हणालो, "हो. तू तीनदा फोन केलास आणि मी उचलला नाही. त्या वेळी तू एकटीच होतीस." यातला शब्द न् शब्द खरा होता. "माझ्यामुळेच गेले" असे मी म्हणालो नाही. तिला शांत करायला खोटा दोष पत्करला असता तर तो पुढे कायमचा आमच्या दोघांत राहिला असता. "मला कळतंय तुला काय वाटतंय" हेही म्हणालो नाही, कारण कळत नव्हते. ती बराच वेळ बोलली, तिसऱ्यांदा रिंग जाताना काकांचा हात कसा गार लागला तिथपर्यंत. मग उठून चहा टाकायला गेली.

सगळे ऐकूनच घ्यावे असे मात्र नाही. हात उचलला जात असेल, कोणी दारू पिऊन अंगावर येत असेल, तर "मी आता जातो, उद्या सकाळी येतो" असे सांगून निघावे आणि सकाळी खरेच जावे. 'बघून घेतो' म्हणत कोणी डॉक्टरांच्या घराचा पत्ता शोधू लागले किंवा जगण्यातच अर्थ नाही म्हणू लागले, तर त्यांना एकटे सोडू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी लावता येतो. सहा महिने उलटूनही हा दोषारोप, ही तळमळ जवळपास रोज तशीच असेल आणि घर, नोकरी काहीच उभे राहत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन शोकविकारासाठी किमान मुदत तेवढीच धरली आहे.

तेराव्याला पाने उचलून झाल्यावर ताईच माझ्याजवळ येऊन बसली. "१०८ किती वाजता आली होती रे?" तिने विचारले. मी वेळ सांगितली.