बेडूकमासा ओळखायचा तर त्याचं पोट पाहा

पावसाळा सुरू झाला की डबक्यांचे फोटो फिरू लागतात आणि सोबत प्रश्न असतो, 'हा कोणता बेडूक होणार?' बहुतेक फोटो वरून काढलेले असतात. त्यात एक काळपट डोकं आणि वळवळती शेपूट, एवढंच दिसतं. यावरून कोणी छातीठोकपणे जात सांगितली, तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. रंगही फसवा असतो. एकाच जातीची पिल्लं गढूळ पाण्यात फिकट, तर नितळ पाण्यात गडद दिसू शकतात.

अंडी दिसली तर काम बरंच सोपं. जेलीच्या लांब दोऱ्यांत काळे मणी ओवल्यासारखी अंडी पाणवनस्पतींना गुंडाळलेली असली, तर ती भेकाची, म्हणजे आपल्या खरबरीत टोडची. पाण्यावर वाकलेल्या फांदीला फेसाचा गोळा लटकत असेल, तर तो झाडबेडकाचा. धोंडी काढून, बेडकाला बांधून गावभर फिरवलं की पाऊस येतो म्हणतात, पण क्रम नेमका उलटा आहे. पाऊस पडतो, म्हणून जमिनीत दडलेले बेडूक अंडी घालायला बाहेर येतात.

अंडी फुटून गेली असतील, तर मला पोटाकडचा फोटो हवा. बेडूकमासा तोंडाने पाणी आत घेतो. ते कल्ल्यांवरून जातं, तिथे प्राणवायू शोषला जातो, अन्नाचे कणही गाळले जातात, आणि उरलेलं पाणी एका बारीक छिद्रातून बाहेर पडतं. हे श्वासरंध्र. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लात ते नसतं, कारण त्याचे कल्ले अजून उघडे असतात. पुढे त्यांवर त्वचेची घडी वाढते, कल्ले आत झाकले जातात आणि पाण्याला एकच वाट उरते. भेक, झाडबेडूक, बुलफ्रॉग या सगळ्यांत ही वाट डाव्या बाजूला असते. मायक्रोहायलिडी कुळातल्या छोट्या बेडकांत मात्र ती पोटाच्या मध्यरेषेवर, मागच्या बाजूला उघडते. त्यांच्या पिल्लांना खरवडायला चोच आणि दातांच्या ओळीही नसतात. ती पाण्यात तरंगत राहून अन्न गाळून खातात.

समजा, काचेच्या ग्लासातला फोटो आला. पिल्लू जवळजवळ पारदर्शक आहे, तळाशी न बसता पाण्याच्या मध्यावर स्थिर आहे, आणि डोळे डोक्याच्या अगदी कडेला, वरून पाहिलं तर बाहेर डोकावणारे. इथे मायक्रोहायलिडीचा संशय येतो. खालून काढलेल्या फोटोत छिद्र मध्यावर दिसलं, की कुळ पक्कं. मग बहुधा मायक्रोहायला, असं मी म्हणेन. त्यापुढे नाही, कारण या प्रजातीत एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत आणि पिल्लाच्या फोटोवरून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

म्हणून फोटो काढताना ग्लासाच्या बाजूने एक, तळातून एक, आणि शेजारी मोजपट्टी. मग पिल्लू त्याच डबक्यात सोडा. तिथल्याच पिल्लांना पुढचे पाय फुटले की पुन्हा फोटो काढा. तोवर अंगावरची नक्षी उमटू लागते आणि अंदाज बराच नेमका करता येतो.