सासरी राहिलेलं सोनं, भांडी आणि आंदण परत कसं मिळवायचं : अर्ज, कागदपत्रं आणि आमच्या घरातली एक केस

माझ्या मावसबहिणीचं माहेर सेलू तालुक्यातलं आणि सासर जालन्याकडचं. 2019 ला लग्न झालं, चार वर्षांनी ती अंगावरच्या कपड्यांनिशी परत आली, कानात झुमके तेवढे होते. बाकी सगळं तिकडंच राहिलं. तिच्यासोबत वकिलाकडं, कोर्टात जाताना जे समजलं ते लिहितोय, कारण आपल्याकडं अजूनही लोक म्हणतात की लग्नात दिलं ते दिलं, आता काय मागायचं. असं नसतं.

आधी स्त्रीधन कशाला म्हणतात ते बघा. लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर बाईला जे दिलं ते तिचं, मग ते माहेरच्यांनी देऊ, सासरच्यांनी देऊ नाहीतर पाहुण्यांनी आहेरात देऊ. सासरकडून घातलेली पोतसुद्धा तिचीच, ही गोष्ट आमच्या मावशीलाही माहीत नव्हती. 1985 च्या प्रतिभा राणी केसमधे सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ह्या वस्तू सासूच्या कपाटात असल्या तरी त्या फक्त सांभाळायला दिलेल्या आहेत, मालकी बाईचीच. नवरदेवाला घातलेली अंगठी, त्याचे कपडे हे मात्र ह्यात येत नाही. आणि मागून घेतलेला हुंडा, समजा सासऱ्याच्या हातात दिलेली रोकड, त्याचा हिशोब वेगळा : हुंडा प्रतिबंध कायद्याच्या कलम 6 प्रमाणे लग्नाआधी घेतला असेल तर लग्नापासून तीन महिन्यांत तो मुलीच्या नावे करून द्यावा लागतो. हुंडा दिला म्हणून आपणच अडकू ह्या भीतीनं लोक गप्प बसतात, पण पीडित व्यक्तीनं दिलेल्या जबाबावरून तिच्यावर ह्या कायद्याखाली खटला चालवता येत नाही, तसं कलम 7 मधेच लिहिलंय.

अर्ज कोण करू शकतं? बाईनं स्वतः. वडलांनी तिच्या संमतीशिवाय परस्पर मागणी केली तर टिकत नाही, 2024 मधे सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय. फारकतीची केस चालू असली किंवा न्यायिक विभक्तीचा, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहायचा, आदेश झालेला असला तरी हक्क जात नाही, 2015 च्या कृष्णा भट्टाचार्जी केसमधे कोर्ट म्हणालं की स्त्रीधन अडवून ठेवणं हा चालू राहणारा गुन्हा आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. मुस्लिम बहिणींना तलाकनंतर लग्नातल्या वस्तू परत मिळायची तरतूद 1986 च्या कायद्यातही आहे.

आता खरं काम, म्हणजे यादी. बहिणीनं पहिल्यांदा वकिलाला सांगितलं की सात तोळे सोनं आणि सगळा संसार. वकील म्हणाले असं चालत नाही ताई, एकेक वस्तू लिहा, वजन लिहा, कोणी दिली, शेवटची कुठं बघितली आणि कोणाच्या हातात दिली तेही लिहा. मग बसून लिहिलं : गंठण अडीच तोळे, पाटल्या दोन तोळे, झुमके एक तोळा हे माहेरचं, पोत दीड तोळे सासरची. झुमके तिच्याकडंच होते म्हणून मागणी सहा तोळ्यांची, म्हणजे साठ ग्रॅमची. जे आपल्याकडं आहे ते यादीत घुसडू नका, समोरचा वकील तेवढंच धरून बसतो आणि मग खरी यादीही खोटी वाटायला लागते.

पुरावा कुठून आणायचा हा मोठा प्रश्न, कारण पावत्या कोण जपून ठेवतंय. आम्ही सराफाकडं गेलो, त्यांच्या जुन्या बिलबुकात गंठण आणि पाटल्यांची नोंद सापडली, डुप्लिकेट बिल मिळालं. पोतीचं बिल सासरकडं, पण अल्बममधे सासू ती घालतानाचा फोटो होता. आणि आपल्याकडं लग्न ठरताना याद करतात ना, दोन्हीकडचे बसून कोण काय देणार ते लिहून सह्या करतात, तो कागद मामांच्या पेटीत निघाला, त्यानं लै काम केलं. गंठण नवऱ्यानं पेरणीच्या वेळेस पतसंस्थेत तारण ठेवलं होतं, तसा त्याचाच व्हॉट्सॲप मेसेज होता. मेसेज आणि मोबाईलमधले फोटो कोर्टात द्यायचे तर नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, नाहीतर समोरचे हरकत घेतात.

अर्ज करायच्या आधी वकिलानं रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. ती कायद्यानं सक्तीची नाही, पण मागितलं आणि दिलं नाही हे कागदावर येतं. मग कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खाली तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज. बाई सध्या जिथं राहते तिथल्या कोर्टात करता येतो, म्हणून जालन्याला चकरा माराव्या लागल्या नाहीत. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फतही जातो. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी फुकट वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडं विचारायचं.

सोबत लागलं ते एवढंच : आधार, लग्नपत्रिका आणि फोटो, माहेरी राहत असल्याचा पुरावा, वस्तूंची यादी, बिलं, नोटिशीची प्रत आणि पोचपावती. पोटगीही मागितली म्हणून उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागलं.

अर्जात दोन मागण्या वेगवेगळ्या लिहून घ्या. एक, कलम 19(8) प्रमाणे स्त्रीधन परत करा. दुसरी, कलम 18 प्रमाणे तोपर्यंत ते विकू नका, गहाण ठेवू नका, लॉकर उघडू नका, आणि ही कलम 23 खाली अंतरिम मागायची. ही दुसरी राहिली तर निकाल लागेपर्यंत सोनं हातचं जातं. 18 चा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. पाटल्या सासूच्या कपाटात होत्या म्हणून सासूलाही सामनेवाली केलं, पण नणंद पुण्याला राहते, तिचं नाव घातलं नाही, आणि ते बरोबरच झालं.

कायद्यात 60 दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करा असं आहे, आम्हाला मात्र वर्षाच्या वर लागलं. नवऱ्यानं सांगितलं की गंठण घरासाठीच वापरलं. त्यावर वकिलानं सुप्रीम कोर्टाचा 2024 चाच दुसरा एक निकाल दाखवला : अडचणीत नवरा स्त्रीधन वापरू शकतो पण तेच किंवा त्याची किंमत परत करायची जबाबदारी त्याचीच. पोलिसात विश्वासघाताचा गुन्हाही दाखल करता येतो, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 316. आम्ही तो रस्ता धरला नाही, कारण तिला वस्तू हव्या होत्या आणि गुन्हा दाखल झाला की घरचे लोक वस्तू दाखवायच्याच बंद होतात असं वकिलांचं मत पडलं.

शेवटी कोर्टातच तडजोड झाली, नवऱ्यानं गंठण सोडवून आणलं. इथं एक चूक होता होता राहिली. त्यांच्याकडच्या माणसानं आधीच टाईप करून आणलं होतं, "सर्व वस्तू मिळाल्या, काही तक्रार नाही", सही कर म्हणे, डबा नंतर देतो. वकिलानं सही थांबवली आणि डबा घेऊन सगळे सराफाकडं गेलो. गंठण पंचवीस ग्रॅम भरलं, पोत पंधरा, पाटल्या मात्र वीसच्या सतराच निघाल्या. झीज झाली म्हणे. तीन ग्रॅम झीज चार वर्षांत कशी होईल, सराफानंच सांगितलं की पाटल्या दुसऱ्या आहेत, कस पण कमी आहे. मग सोन्याच्या त्या दिवसाच्या भावानं आणि बिलावरच्या वजनानं फरक काढला, तेवढे पैसे बहिणीच्या खात्यावर टाकले, आणि खात्यात आल्याचा मेसेज बघितल्यावरच तिनं पुरसीसवर, म्हणजे कोर्टाला लिहून द्यायच्या निवेदनावर, सही केली. फ्रिज आणि कपाट टेम्पोनं आलं, पितळी भांड्यांतली दोन पातेली आली नाहीत, त्याची वेगळी नोंद पुरसीसमधे लिहून घेतली.