मोडीची किंमत आणि सूट: बिलात कराच्या आधी काय वजा होतं?

सोनाराच्या बिलात दोन रकमा हमखास एकमेकींत मिसळतात. एक दुकानदाराने दिलेली सूट, दुसरी ग्राहकाने दिलेल्या मोडीची, म्हणजे जुन्या सोन्याची किंमत. दोन्हींमुळे ग्राहकाच्या हातून जाणारे पैसे कमी होतात, म्हणून त्या सारख्याच वाटतात. पण सूट म्हणजे दुकानदाराने सोडून दिलेली रक्कम आणि मोड म्हणजे ग्राहकाने चुकती केलेली किंमत, फक्त ती नोटांऐवजी सोन्यात दिलेली. जीएसटी कायद्यात मोबदला पैशातच असला पाहिजे असं कुठेही नाही. त्यामुळे सूट कर काढण्याआधी वजा होते, मोड मात्र कर लावून झाल्यावर.

एक व्यवहार घेऊ. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून ठरवलेले आहेत: 24 कॅरेट सोनं 12,000 रुपये ग्रॅम, 22 कॅरेट 11,000. ग्राहकाला 20 ग्रॅमची 22 कॅरेट साखळी हवी आहे, घडणावळ 10 टक्के. सोन्याचे 2,20,000 आणि घडणावळीचे 22,000 मिळून 2,42,000 होतात. दागिना विकताना घडणावळ त्याच्या किमतीचाच भाग असते, म्हणून पूर्ण रकमेवर 3 टक्के, म्हणजे 7,260 रुपये कर. घडणावळीवर 5 टक्के लागतात असं ऐकायला मिळतं, पण तो दर सराफाचं सोनं घेऊन त्याला दागिना घडवून देणाऱ्या कारागिराच्या मजुरीचा आहे. साखळीचं बिल झालं 2,49,260.

आता मोड. ग्राहकाने आणलेली जुनी पाटली काट्यावर 10.5 ग्रॅम भरली. मुशीत आटवल्यावर आतली लाख आणि मळ जाऊन 10 ग्रॅमची लगड उरली आणि तपासणीत शुद्धता 80 टक्के निघाली. म्हणजे शुद्ध सोनं 8 ग्रॅम, किंमत 96,000. ही तिन्ही वजनं खरेदी पावतीवर लिहावीत असा माझा आग्रह असतो, कारण भांडण बहुधा त्या अर्ध्या ग्रॅमवरूनच होतं. घरगुती ग्राहक धंदा म्हणून सोनं विकत नसतो. त्यामुळे या खरेदीवर सोनाराला उलट आकारणीने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा कर भरावा लागत नाही, हे सरकारने जुलै 2017 मध्येच स्पष्ट केलं आहे. मात्र कर भरलाच नाही, तर त्याची वजावट तरी कुठून मिळणार?

किर्दीत तीन नोंदी येतात:

जुने सोने खरेदी खाते नावे 96,000. ग्राहक खाते जमा 96,000.

ग्राहक खाते नावे 2,49,260. दागिने विक्री खाते (घडणावळीसह) जमा 2,42,000, सीजीएसटी देय 3,630, एसजीएसटी देय 3,630.

बँक खाते नावे 1,53,260. ग्राहक खाते जमा 1,53,260.

ग्राहकाचं खातं शून्यावर आलं.

काही दुकानांत यातली पहिली नोंद होतच नाही. 2,42,000 मधून 96,000 ‘सूट’ म्हणून वजा होतात आणि उरलेल्या 1,46,000 वर 4,380 रुपये कर लावला जातो. ग्राहकाचे 2,880 रुपये वाचतात, तो खूश होतो. पण तो कर माफ झालेला नसतो. तपासणीत तो व्याजासह सोनाराच्या गळ्यात पडतो, आणि तेव्हा ग्राहकाकडे मागायला जाता येत नाही.

ही चूक सापडते ती साठ्यात. खरेदीच लिहिलेली नसल्याने 8 ग्रॅम शुद्ध सोनं असलेली तिजोरीतली लगड वहीत कुठेच नसते. ती पुढे कारागिराकडे गेली की वहीत आलेल्यापेक्षा गेलेलं सोनं जास्त दिसतं. असे दहा-वीस व्यवहार झाले की फरक लपत नाही. दागिन्यांचं हिशोबपुस्तक रुपयांइतकंच ग्रॅममध्येही जुळलं पाहिजे, नाहीतर ते जुळलं असं मी मानत नाही.

खरी सूट कशी दिसते? त्याच साखळीच्या घडणावळीत दुकानाने सगळ्याच ग्राहकांना 5,000 कमी केले आणि ते बिलावर लिहिले, तर करपात्र रक्कम 2,37,000 होते आणि कर 7,110. इथे दुकानात काहीच आलेलं नाही, 5,000 रुपये सोडलेले आहेत.

अडचण येते ती ‘मोड दिलीत तरच घडणावळीत सूट’ या योजनेत. जीएसटीच्या नियम 27 मध्ये यासाठी फोनचं उदाहरण दिलं आहे: जुना फोन घेऊन नवा 20,000 ला दिला, पण जुना न देणाऱ्याला तोच 24,000 ला पडतो, तर कर 24,000 वर. साखळीलाही हाच न्याय लावला तर मोड न देणारा ग्राहक 2,42,000 देत असताना मोड देणाऱ्याच्या बिलावरही करपात्र रक्कम 2,42,000 च धरावी लागेल. अशा योजनेची पाटी लावण्याआधी बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सवलत करानंतर वजा होते का, हे एक चाचणी बिल काढून बघावं.